नोकरी गेलेल्या जोडीदाराला पत्र: काय लिहायचं, काय गाळायचं

माझं पहिलं पत्र चार पानी होतं. नवऱ्याची नोकरी गेली त्याच्या चौथ्या रात्री, मुलाच्या गणिताच्या वहीतली मधली पानं काढून मी ते लिहिलं आणि सकाळी चहाच्या कपाशेजारी ठेवलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली, "बरं" म्हणाला आणि गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणून बाहेर पडला. पंप आमच्या सोसायटीपासून पाच मिनिटांवर आहे. परत यायला त्याला अडीच तास लागले.

कुठे होता ते पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं. वेताळ टेकडीवर जाऊन बसला होता. कोणतं वाक्य लागलं तेही तेव्हाच कळलं. मला वाटत होतं, कुठेतरी पैशाचं लिहिलं होतं ते लागलं असेल. ते नव्हतं. ज्या वाक्यावर मी स्वतःच खूश होते तेच ते होतं: "तू खचू नकोस, तुझ्याकडे बघूनच आम्ही उभे आहोत." तो म्हणाला, "म्हणजे आता मला खचायचीही परवानगी नाही."

पण हे कळायच्या कितीतरी आधी, पहिल्या पत्रानंतर दोन आठवड्यांनी, मी दुसरं पत्र लिहिलं होतं. ते एका पानात मावलं आणि उपयोगी पडलं. पुढे ओळखीतल्या तिघा-चौघांनी आपापल्या घरी द्यायची पत्रं आधी मला वाचायला दिली, तेव्हा बहुतेकांनी माझ्या पहिल्या पत्रातल्याच चुका केल्या होत्या. त्यावरून जे हाती लागलं ते सांगते.

आधी घाई आवरा

पहिल्या आठवड्यात पत्र देऊ नका. त्या दिवसांत घरात वर्दळ असते. जुन्या सहकाऱ्यांचे फोन येतात, एचआरचे मेल येतात, लॅपटॉप परत करायची तारीख, फुल अँड फायनलची कागदपत्रं, कुणाकुणाला बायोडेटा पाठवणं हे सगळं चालू असतं. माणूस त्या गडबडीत तरंगत असतो. खरी शांतता पसरते ती दोन-तीन आठवड्यांनी. फोन थांबतात, आणि सकाळी सात चाळीसची कंपनीची बस कोथरूड डेपोवरून आपल्याला न घेता जाते हे घरात बसून कळतं. पत्राची जागा तिथे आहे. मी दुसरं पत्र अठराव्या दिवशी दिलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी देऊ नका, नकार आला त्या संध्याकाळी देऊ नका, आणि रविवारी रात्री तर मुळीच नको. नोकरी गेलेल्या माणसाची रविवार रात्र कशी असते ते त्याच्याशेजारी झोपणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

व्हॉट्सॲपवर पाठवायचा मोह होतो. तिथे अडचण निळ्या खुणांची आहे. वाचलं हे समोरच्याला दिसतं, मग काहीतरी उत्तर द्यावं लागतं, निदान एक बदाम तरी. कागद बंद करून ठेवता येतो आणि महिन्याभराने पुन्हा काढता येतो. हातानेच लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल, माझंही आहे.

पहिला कागद फाडायचा असतो

माझं पहिलं पत्र बिघडलं कारण ते खरं तर त्याला लिहिलेलं नव्हतंच. माझी भीती मी त्याच्या नावाने लिहून काढली होती. घराचा हप्ता, मुलाची सातवी, सासूबाईंना कळलं तर काय, माझी बहीण काय म्हणेल, आपण इतके खर्चिक का झालो. हे सगळं खरं होतं आणि कुठेतरी बाहेर पडणंही भाग होतं. फक्त ते ज्याची नोकरी गेली त्याच्या पुढ्यात टाकायचं नव्हतं.

म्हणून आता मी सगळ्यांना सांगते की आधी एक रडका कागद लिहा. अर्धा तास, मनात येईल ते, शिव्यांसकट. त्याच्यावर राग असेल तर तोही: मागच्या वर्षी दुसरीकडून ऑफर आली होती तेव्हा का नाही गेलास, गाडी एवढी महागाची कशाला घेतलीस. मग तो कागद फाडा, आणि कचऱ्याच्या डब्यात वरच टाकू नका. पत्र दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर सुरू करा. जुन्यातलं एकही वाक्य उतरवून घ्यायचं नाही. राग दुसऱ्या दिवशीही तेवढाच असेल तर पत्र लिहू नका, समोर बसून भांडा. भांडणाला तो उत्तर देऊ शकतो. रागाने लिहिलेला कागद नुसता घरात पडून राहतो.

पैशाचं एक वाक्य, पण हिशेबासकट

"पैशाची काळजी करू नकोस" हे वाक्य सगळे लिहितात आणि त्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. बसावा तरी कसा? ते लिहिणाऱ्याने हिशेब केलेला नसतो हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. उलट आकड्यांचा तक्ता पत्रात घातला की ते ताकीदपत्र होतं. मधला रस्ता असा, की हिशेब पत्राच्या बाहेर पूर्ण करायचा आणि पत्रात त्याचं फक्त उत्तर लिहायचं.

आमचा हिशेब असा होता. माझा हातात येणारा पगार ५२,००० रुपये. घराचा हप्ता ३१,५००. शाळा, किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, पेट्रोल मिळून ३४,०००. म्हणजे खर्च ६५,५०० आणि दरमहा खड्डा १३,५०० चा. माझ्या नावावर दोन लाखांची एफडी होती. दोन लाख भागिले साडेतेरा हजार, चौदा महिने, असं मी पहिल्यांदा मांडलं आणि खूश झाले. मग विम्याची आठवण झाली. कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि त्यात आमच्याबरोबर सासूबाईही होत्या. त्या विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे वेळेत विचारावं लागतं, म्हणजे जुन्या आजारांवर विमा लागू होईपर्यंत थांबण्यात गेलेली वर्षं, म्हणजे प्रतीक्षाकाळ, वाया जायची भीती कमी होते. आम्हाला सगळ्यांचा मिळून हप्ता सत्तर हजारांच्या घरात पडला. उरले १,३०,०००. म्हणजे नऊ महिने आणि वर साडेआठ हजार. जूनपासून मोजले तर फेब्रुवारीअखेर.

ग्रॅच्युइटी मी मुद्दाम धरली नाही. त्याची अकरा वर्षं पूर्ण झाली होती, मूळ पगार ६०,००० होता. पाच वर्षांच्या वर नोकरी झालेल्या कायम कर्मचाऱ्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. म्हणजे ६०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ११, सुमारे ३ लाख ८० हजार. कायद्याने ती देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी. पण खात्यात जमा होईपर्यंत तो पैसा वहीत लिहायचा नाही असं मी ठरवलं. पत्रात जे वाक्य जाणार होतं ते कुठल्याही परिस्थितीत खरं ठरायला हवं होतं. 'फेब्रुवारी' लिहायचं आणि ऑक्टोबरात त्याच्यासमोर उसनवारी काढायची, त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं.

तुमच्या हिशेबाचं उत्तर दोनच महिने आलं तर? मग ते या पत्रात लिहू नका, आणि लपवूही नका. ते वही घेऊन दोघांनी एका टेबलाशी बसून करायचं काम आहे. पत्र आठवडाभर पुढे ढकला.

वाक्यांची चाळण

इथे खरी मेहनत आहे. दबाव मोठ्या वाक्यांतून येत नाही. "लवकर नोकरी शोध" असं कुणी लिहीत नाही. तो येतो आपल्या छोट्या शब्दांतून, आणि मराठीत असे शब्द भरपूर आहेत.

"निदान बायोडेटा तरी नीट करून ठेव." यातलं 'निदान' सांगतं की बाकीचं तुझ्याने होणार नाही हे मी धरून चाललेय. 'तरी' सांगतं की एवढंसुद्धा तू केलेलं नाहीस. एका ओळीत दोन चिमटे, आणि लिहिणारीला वाटतं आपण काळजीने सांगितलं. "अजून कुणाचा फोन नाही?" यातला 'अजून'. "एकदाचं काहीतरी मार्गी लागू दे" यातलं 'एकदाचं', म्हणजे आम्ही कंटाळलो. "जरा बाहेर पडत जा" यातला 'जरा', वरवर सौम्य, पण खाली हुकूम. "काहीतरी करायलाच हवं" यातला शेवटचा 'च' तर नुसता टाचणीसारखा.

पत्र लिहून झालं की लाल पेन घ्या आणि निदान, तरी, अजून, आता, जरा, एकदाचं आणि 'च' यांना गोल करा. मग तो शब्द काढून वाक्य वाचा. "मी अजून तुझ्या हातचा चहा पिते" यातला 'अजून' राहिला तरी कुणाला टोचत नाही. पण "जरा बाहेर पडत जा" मधला 'जरा' काढला की उरतं "बाहेर पडत जा". हा हुकूमच होता, शब्दाने त्याला शाल पांघरली होती. असं वाक्य आख्खं जाऊ द्या.

आता कीव. 'बिचारा' कुणी लिहीत नाही, पण "तुझ्याकडे बघवत नाही", "तुझ्यावर ही वेळ यायला नको होती", "तुझा चेहरा बघून पोटात तुटतं" हे लिहितात. गंमत अशी की हे वाचल्यावर ज्याची नोकरी गेली तोच उठून लिहिणारीच्या पाठीवर हात फिरवतो, "अगं, मी ठीक आहे." म्हणजे समजूत काढायचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात. आपल्या पोटातली तुटतुट बहिणीला सांगावी, मैत्रिणीला सांगावी.

स्तुतीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण यात भलेभले फसतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी बायकोला लिहिलं होतं, "तुझ्यासारख्या हुशार बाईला महिन्याभरात तीन ऑफर येतील." त्यांना वाटलं, धीर दिला. मी विचारलं, महिन्याभरात एकही आली नाही तर? मग या वाक्याप्रमाणे ती हुशार नाही असं ठरेल. त्यांनी ते खोडलं. भविष्याबद्दलची स्तुती हा दबावच असतो, फक्त त्याला हार घातलेला असतो. स्तुती करायची तर घडून गेलेल्या गोष्टीची करा, आणि ती शक्यतो ऑफिसातली नको. ऑफिसातल्या हुशारीचा आता बाजारभाव काढला जातोय, त्या तराजूत आपण आणखी एक वजन टाकायचं कशाला?

"मी आहे ना" हेही मी गाळते. पडलेल्या पोराला आई जवळ घेऊन जे म्हणते ते हे. त्याऐवजी तुम्ही काय केलंय किंवा करणार आहात ते साधं लिहा: विम्याचा फॉर्म भरला, गॅसचं मी बघते. पण त्यातही यादी करू नका. बोल्जर, झुकरमन आणि केसलर या संशोधकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारी माणसं आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून त्यांनी रोज नोंदी लिहून घेतल्या. जोडीदाराने आधार दिला, पण तो दिल्याचं परीक्षार्थीच्या लक्षातही आलं नाही, तेव्हा त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. लक्षात आलेला आधार बरेचदा उलटा पडला, कारण मला आधार लागतोय ही जाणीवही त्याच्याबरोबर येते. माझ्या पहिल्या पत्रात एक आख्खा परिच्छेद मी काय काय सोडलं याचा होता: कामवाल्या मावशींचा एक वेळ कमी केला, मैत्रिणींबरोबरची सहल रद्द केली. त्याने ते कर्जाच्या खात्यासारखं वाचलं असणार.

शेवटची चाळण प्रश्नचिन्हांची. पत्रात एकही प्रश्न ठेवू नका, "कसं वाटतंय?" हाही नको. प्रश्न आला की उत्तर देणं आलं.

दुसरं पत्र

हे मी दिलेलं पत्र. दोन-तीन खाजगी गोष्टी काढल्या आहेत, बाकी तसंच आहे.

"अरे,

नोकरी गेली त्याला आज अठरा दिवस झाले. मी याला ब्रेक वगैरे म्हणणार नाही. अकरा वर्षं ज्या बसने गेलास ती बंद झाली आणि ते वाईट झालं. तुझ्या त्या मॅनेजरचा मला राग येतो, आणखी दोन-चार महिने येईल. तो माझा मी बघेन.

पैशाचं मांडून पाहिलं. माझा पगार आणि माझ्या नावची एफडी धरून घराचा हप्ता, शाळा, किराणा, आईंचा विमा हे सगळं फेब्रुवारीअखेरपर्यंत निघतं. ग्रॅच्युइटी धरलेली नाही. निळी वही टीव्हीखालच्या खणात आहे. बघावीशी वाटली तर बघ, चुकलं असेल तर दुरुस्त कर. माझी बेरीज तुला माहीत आहे.

साताऱ्याला मी काही बोललेले नाही. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. आईंचा फोन आला की मी नेहमीसारखं पावसापाण्याचं बोलते. खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं तर 'त्यांनाच विचारा' म्हणेन.

परवा रात्री तू स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलत होतास. पोरगा बॅटरी धरून उभा होता आणि आधी पाणी कुठून बंद करायचं ते तू त्याला दाखवत होतास. तो तीनदा चुकला, तीनदा तू पहिल्यापासून दाखवलंस. मी दारात होते, तुम्हाला दिसले नाही. मला ते बघायला आवडलं.

शनिवारी मंडईतून भाजी तू आण. मी आणलेली गवार जून निघते हे मी दहा वर्षं ऐकतेय.

याला उत्तर नको.

मी"

मायन्यात मी 'प्रिय' लिहिलं नाही. आमच्या घरात प्रिय कुणी म्हणत नाही, ते एकदम लिहिलं असतं तर त्याला वाटलं असतं काहीतरी फार गंभीर आहे. तुम्ही रोज जशी हाक मारता तीच लिहा. अहो-जाहो असेल तर पत्रातही अहोच. अशा वेळी एकदम 'तू'वर आलात तर तीही एक प्रकारची कीव वाटते.

'नोकरी गेली' हे शब्द पहिल्याच ओळीत आहेत. घरातले सगळे ते टाळत असतात, "ते ऑफिसचं झालं ना" असं म्हणतात, आणि टाळल्यामुळे ती गोष्ट मयतासारखी वाटायला लागते. सरळ नाव घेतलं की ती घडलेली एक गोष्ट होते. मॅनेजरच्या रागाचं वाक्य आधी मी गाळणार होते. मग ठेवलं, कारण राग त्याच्या बाजूने आहे एवढं त्यातून कळतं, आणि त्याचं काय करायचं ती जबाबदारी माझ्यावरच राहते.

साताऱ्याचा परिच्छेद सर्वांत उपयोगी ठरला असं तो पुढे म्हणाला. कुणाला कधी सांगायचं हा निर्णय नोकरी गेलेल्या माणसाच्या हातातून पहिल्यांदा निसटतो. बायको माहेरी सांगते, माहेरचे आणखी दोघांना सांगतात, आणि मग कुठल्यातरी लग्नात एखादे मामा खांद्यावर हात ठेवतात. त्याच्या आयुष्यातली एक किल्ली परत त्याच्या खिशात घालता आली तर ती हीच होती. अर्थात लिहिलंत तर पाळावं लागतं. माझी सख्खी बहीण सव्वा महिना माझ्यावर रुसली होती.

भाजीचं वाक्य काहींना थट्टेचं वाटेल. त्यामागे माझं एक वाचन होतं. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी त्या गावाची पाहणी केली, ती १९३३ मध्ये छापली गेली. त्यांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला होता. बेकार पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत आणि मधेमधे जास्त थांबत. बायकांची गिरणीतली नोकरी गेली तरी घरचं काम गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दिवसाला आकार उरला होता. पुरुषांकडे वेळच वेळ होता, पण वाचनालयातून पुस्तकं न्यायचं प्रमाणही घसरलं. पगाराबरोबर दिवसाचे कोपरेही जातात, ते असे.

म्हणून काही जण पत्रातच वेळापत्रक करून देतात: सहाला उठ, टेकडी, नऊ ते बारा अर्ज, दुपारी कोर्स. ते करू नका, ती वरिष्ठाची भाषा झाली. त्याऐवजी एकच काम, ठरलेल्या वाराचं, जे आधीही त्याचंच होतं किंवा ज्यात तो तुमच्यापेक्षा खरोखर सरस आहे. नवीन कामं त्याच्यावर टाकली की "आता घरीच आहेस तर" असं न लिहिताही ऐकू जातं. गवार त्याला कळते, मला कळत नाही, हे आमच्या घरात आधीपासून सगळ्यांना मान्य होतं.

बायकोची नोकरी गेली असेल तर चाळणीला आणखी एक भोक ठेवा. तिला कुणी "लवकर शोध" म्हणत नाही. तिला म्हणतात, "बरं झालं, आता मुलांकडे लक्ष देता येईल," "जरा आराम कर, दमली होतीस." हे ऐकायला गोड, पण त्यात तिची नोकरी कुणी मोजलेलीच नाही. नवऱ्याने पत्रात तिच्या कामाचं नाव घ्यावं, ती नेमकं काय करत होती ते एका ओळीत यावं, आणि मुलांचा उल्लेख शक्यतो येऊच नये. एकाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. बायको ऑफिसात नेमकं काय करते ते त्याला एका ओळीत लिहिता येत नव्हतं. त्याने तिच्या एका जुन्या सहकारणीला फोन करून विचारलं. पत्र एक दिवस उशिरा गेलं, पण नीट गेलं.

दिल्यानंतर

समोर उभं राहून वाचायला लावू नका. जिथे तो एकटा जातो तिथे ठेवा. मी हेल्मेटमध्ये ठेवलं. बाथरूमच्या आरशावर चिकटवायची कल्पना सिनेमात ठीक आहे, घरात मुलगा आधी वाचेल.

मग "वाचलंस का?" विचारायचं नाही. हे लिहिण्यापेक्षा अवघड आहे. तीन दिवस मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते आणि तेही त्याला कळत होतं. पत्र लागू पडलं की नाही हे बोलण्यावरून ओळखू येत नाही, लहानसहान गोष्टींवरून येतं. जेवताना तो पुन्हा कशाला तरी नावं ठेवतो. दार बंद करून बोलायचे फोन हॉलमध्ये होतात. उलट तो एकदम फार गोड वागायला लागला, भांडी घासायला धावायला लागला, सारखा "थँक यू" म्हणायला लागला, तर समजा पत्रातून उपकार पोचले. अशा वेळी दुसरं पत्र लिहून पहिल्याची दुरुस्ती करू नका. आठवडाभर नेहमीसारखं वागा, एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून नेहमीसारखे वैतागा.

पत्राने होणार नाही असंही काही असतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली आहे, दारू वाढली आहे, अंघोळ-जेवण सुटलंय, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं" असं बोलणं यायला लागलंय, तर कागद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. शेवटचं वाक्य ऐकलंत तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हालचाल करा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. काय करावं हे विचारायला घरच्यांनीही तिथे फोन केला तर चालतो.

आमच्याकडे त्या शनिवारी तो मंडईत गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी काही बोलले नाही, गवार मीच आणली आणि ती जून निघाली. तिसऱ्या शनिवारी मी उठले तेव्हा कापडी पिशवी खुंटीवर नव्हती. निळ्या वहीत पेट्रोलच्या ओळीवर काट मारून त्याच्या अक्षरात नवा, सातशेने कमी आकडा लिहिलेला होता.